तीन तालुक्यांचा हक्क मागताना

तासगावात माझं शेती अवजारांचं दुकान आहे. द्राक्षबागेत औषध मारायचे ट्रॅक्टरचलित ब्लोअर, त्यांचे नोझल, डायफ्राम, ऑइल सील आणि दुरुस्ती हा माझा मुख्य धंदा. 2023 च्या जानेवारीत मी परराज्यातल्या एका ब्लोअर कंपनीला पत्र लिहिलं आणि सांगली व सोलापूर या दोन जिल्ह्यांसाठी एकमेव वितरक म्हणून नेमण्याची मागणी केली. जूनमध्ये करारावर सह्या झाल्या, पण फक्त तीन तालुक्यांसाठी आणि एका वर्षापुरत्या. मधल्या पाच महिन्यांत काय काय झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण असा हक्क मागायला निघालेल्या माझ्यासारख्या दुकानदाराला नेमकं काय तयार करावं लागतं हे मला त्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं.

हक्क मागायची गरज का पडली, ते आधी सांगतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये मी दुसऱ्या एका कंपनीच्या ब्लोअरचं प्रात्यक्षिक सावळजच्या एका बागायतदाराच्या प्लॉटमध्ये घेतलं. डिझेल माझं, मिस्त्री माझा, दिवसही माझा गेला. मशीन त्यांना पसंत पडलं. पंधरा दिवसांनी कळलं की त्यांनी तेच मॉडेल शेजारच्या जिल्ह्यातल्या डीलरकडून चार हजारांनी स्वस्त घेतलं. त्यांचं मी वाईट मानलं नाही, चार हजार कोणालाही जड असतात. पण ऑक्टोबरात, छाटणीनंतर फुटवे निघाले असताना, त्या मशीनच्या पंपाचा डायफ्राम फाटला आणि फोन मला आला. रात्रीतून पाऊस झाला होता. सकाळी डाऊनी रोगाची फवारणी झाली नसती तर घड गेले असते. माझा मिस्त्री पहाटे गेला आणि काम करून आला. विकणाऱ्याला नफा मिळाला आणि राबणूक आमच्या वाट्याला आली. कंपनीला मी हे कळवलं तेव्हा ‘तुमच्यात बसून मिटवा’ एवढंच उत्तर आलं. जिथे प्रात्यक्षिक आणि सर्व्हिस मी देणार, तिथली विक्री माझ्याच दुकानातून होईल असं लेखी असल्याशिवाय नव्या कंपनीचं काम घ्यायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

पहिलं पत्र मात्र मी अगदीच कच्चं लिहिलं. दुकान किती वर्षांचं, जागा किती मोठी, ओळखी किती, आणि शेवटी ‘दोन जिल्ह्यांत वर्षाला 120 मशीन विकू’. हा आकडा मी द्राक्षाच्या एकूण क्षेत्रावरून काढला होता. इतके एकर, इतक्या एकरांमागे एक ब्लोअर, त्यातले शंभरात एवढे आपले. कंपनीचे एरिया मॅनेजर फेब्रुवारीत दुकानात आले. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, “शेठ, 120 पैकी सप्टेंबरात किती? आणि त्यातले मणेराजुरीत किती?” मला उत्तर देता आलं नाही. ते शांतपणे म्हणाले, “एकमेव हक्क सगळेच मागतात. मी तुम्हाला तो दिला की त्या भागात आमचे बाकीचे दरवाजे बंद होतात. तुम्ही विकलं नाही तर आमचं वर्ष जातं. त्यामुळे मला आकडा नको, आकडा कुठून आला ते हवंय.”

त्यांच्या त्या वाक्याने माझं पुढचं सगळं काम बदललं.

मी आणि माझ्या पुतणीने सुट्या भागांची तीन वर्षांची बिलं काढली. ब्लोअर कोणत्याही कंपनीचा असो, नोझल आणि सील घ्यायला माणूस जवळच्या दुकानातच येतो. म्हणजे या बिलांत आमच्या भागातल्या ब्लोअर-मालकांची यादी तयारच पडली होती, मी तिच्याकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. दुबार नावं काढून टाकल्यावर 678 माणसं उरली. गावावार मांडणी केली तेव्हा तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळ या तीन तालुक्यांत 640 आणि जतमध्ये 38 निघाली. सोलापूर जिल्ह्यातलं एकही नाव नव्हतं. जो जिल्हा मी अख्खा मागितला होता, तिथला एकही शेतकरी माझ्या दुकानाची पायरी चढला नव्हता.

640 पैकी 90 जणांना आम्ही फोन केले. फोन गावं वाटून लावले, ओळखीच्यांनाच लावायचे नाहीत असं पुतणीने आधीच बजावलं होतं. दोनच प्रश्न विचारायचे: मशीन किती वर्षांचं आहे, आणि येत्या फळछाटणीआधी बदलायचा विचार आहे का? 14 जण ‘बदलणार’ म्हणाले. त्या हिशेबाने 640 मध्ये साधारण 99 जण होतात. पण शेतकरी ‘बघू, घेऊ’ म्हणतो तेव्हा बाजारभाव, पाऊस आणि घरातलं लग्न ही तिन्ही गणितं त्याच्या मनात असतात. म्हणून आम्ही मागच्या दोन वर्षांत ज्यांना कोटेशन दिलं होतं त्यांची वही पाहिली. माझ्याकडून नाहीतर दुसऱ्याकडून, पण प्रत्यक्ष मशीन घेतलेले तिघांत एक निघाले. त्यामुळे 99 चे 33 झाले. यात पाइप-गनवरून पहिल्यांदाच ब्लोअरवर येणारे वर्षाला सुमारे 11 मिळवले, हा आकडाही माझ्या आधीच्या दोन वर्षांच्या अनुभवावरून घेतला. एकूण 44.

मग माझ्या जुन्या विक्रीची वही उघडली. 2022-23 मध्ये सगळ्या कंपन्यांचे मिळून मी 21 ब्लोअर विकले होते. म्हणजे 44 गिऱ्हाइकांतले निम्मे माझ्याकडे येत होते. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे एकमेकांना जुळले, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा अंदाज आता कोणाच्याही समोर ठेवता येईल. वर्षाला 22 मशीन. कुठे 120 आणि कुठे 22! पुतणीला भीती वाटली की एवढा लहान आकडा पाहून कंपनी उठून जाईल. मलाही वाटली, पण खोटा आकडा नंतर माझ्याच गळ्यात पडला असता.

एकच आकडा देणं मात्र मला पटेना. 2019 च्या ऑक्टोबरअखेरच्या अवकाळी पावसाने बागांचं काय केलं ते आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या हंगामात माझी विक्री फारशी पडली नाही, कारण मशीन पावसाआधीच गेली होती. फटका बसला तो पुढच्या वर्षी. शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता, त्यात लॉकडाऊन, आणि 2020-21 मध्ये मी 11 मशीन विकली. म्हणून मी तीन आकडे लिहिले. वाईट वर्षाचा 12, नेहमीच्या वर्षाचा 22, आणि सगळं जमून आलं तर 30. अनुदानावर घेतलेली मशीन मी नेहमीच्या आकड्यात धरली नाहीत. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केल्यावर पूर्वसंमती कधी येईल हे दुकानदाराच्या हातात नसतं, आणि पूर्वसंमतीआधी घेतलेल्या मशीनला अनुदान मिळत नाही, त्यामुळे शेतकरी थांबून राहतो. तो भाग 30 मध्ये टाकला.

महिन्यांची वाटणी सोपी होती, कारण आमच्याकडे सगळं छाटणीवर चालतं. 22 पैकी ऑगस्टमध्ये 5, सप्टेंबरमध्ये 9, ऑक्टोबरमध्ये 4 आणि उरलेल्या वर्षात 4. पण या वाटणीतून पैशाचा प्रश्न उघडा पडला. एक मशीन मला 1,35,000 ला पडणार आणि 1,52,000 ला जाणार. सप्टेंबरसाठी नऊ मशीन दारात उभी करायची तर बारा लाखांच्या वर पैसा लागतो. गिऱ्हाइकांतले बरेच जण निम्मे पैसे देतात आणि बाकीचे द्राक्षाचे नाहीतर बेदाण्याचे पैसे आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. विक्रीचा अंदाज नुसता मशीनच्या संख्येत दिला तर हे दिसत नाही. मी महिनावार खरेदी, जमा आणि उधारी असा तक्ता केला आणि बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा त्याच्या खाली लिहिली. मॅनेजरसाहेबांनी नंतर सांगितलं की त्यांच्या मुख्य कार्यालयात सगळ्यात जास्त वेळ याच पानावर गेला. डीलर हंगामाच्या मधोमध पैशाअभावी माल उचलत नाही, हा त्यांचा नेहमीचा त्रास होता.

प्रसाराच्या आराखड्यात आधी मी बॅनर, भिंती रंगवणं, जत्रेतला स्टॉल असं सगळं भरलं होतं. ते बहुतेक काढून टाकलं. ब्लोअर बॅनर बघून कोणी घेत नाही, शेजाऱ्याच्या बागेत चालताना बघून घेतो. म्हणून सोळा प्रात्यक्षिकं, ऑगस्ट आणि सप्टेंबरात, गावांची नावं आणि आठवडे घालून लिहिली: सावळज, मणेराजुरी, सोनी, मालगाव, बेडग वगैरे. हे दोन महिने मुद्दाम निवडले. त्या वेळी खरड छाटणीनंतर वाढलेली पानं वेलीवर दाट असतात, आणि दाट पानांतून औषध आत जातं का हेच शेतकऱ्याला बघायचं असतं. फळछाटणी झाली की वेल उघडी पडते, तेव्हा कुठलंही मशीन चांगलंच दिसतं.

प्रात्यक्षिकात पाण्याला रंग बदलणारे पिवळे कागद लावायचे असंही लिहिलं. हे छोटे कागद पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, मांडवाच्या बाहेर आणि आत टाचायचे आणि साधं पाणी मारायचं. जिथे थेंब पडतो तिथे निळा ठिपका उठतो. खालच्या बाजूचा कागद पिवळाच राहिला तर नोझलचा कोन किंवा ट्रॅक्टरचा वेग चुकला आहे हे तिथल्या तिथे दिसतं. डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूनेच आत शिरते, त्यामुळे बागायतदाराला तो कागद वाचायला शिकवावं लागत नाही. एका प्रात्यक्षिकाचा खर्च 3,500 रुपये धरला, सोळांचे 56,000. त्यातला निम्मा कंपनीने द्यावा अशी मागणी ठेवली. हंगामात दुसरा मिस्त्री, दीड लाखाचे सुटे भाग कायम शिल्लक, आणि छाटणीनंतरचे साठ दिवस तक्रार आल्या दिवशीच माणूस बागेत, हे माझ्या बाजूने लिहून दिलं.

आणि मग पत्राच्या शेवटी सावळजची गोष्ट लिहिली, तारखेसकट, कंपनीचं नाव न घेता. हा सगळा खर्च मी करायचा तर त्याचं फळ शेजारच्या गल्लीतल्या माणसाला जाता कामा नये, नाहीतर पुढच्या वर्षी प्रात्यक्षिक कोणीच घेणार नाही आणि मशीनची नोझल कशी लावायची हे शेतकऱ्याला सांगणाराही कोणी उरणार नाही, असं साध्या शब्दांत मांडलं. एकमेव हक्क मागण्यामागचं माझं खरं कारण हेच होतं. पहिल्या पत्रात त्याचा एक शब्दही नव्हता.

मार्चअखेर आम्ही नवं पत्र दिलं. मागणी आता चार तालुक्यांची होती. एप्रिलमध्ये मॅनेजरसाहेब पुन्हा आले आणि मिस्त्रीला घेऊन जत तालुक्यातल्या उमदीपर्यंत जाऊन आले. अख्खा दिवस गेला. परत आल्यावर ते म्हणाले, “त्याच दिवशी माणूस पाठवीन असं तुम्ही लिहिलंय. इकडे कसा पाठवाल?” मी जत सोडून दिला. मिस्त्री सकाळी निघून दुपारपर्यंत जिथून परत येऊ शकतो तेवढाच भाग मागायचा, हे मला नकाशावर बोट ठेवून आधीच कळायला हवं होतं.

मे महिन्यात कंपनीच्या कारखान्यावर बैठक झाली. त्यांनी किमान खरेदीची अट 40 मशीनची ठेवली. हक्काची खरी किंमत या अटीत असते. एकमेव हक्क मिळतो तो किमान खरेदीच्या बदल्यात, आणि ती पुरी झाली नाही तर हक्क जातो. माझ्याच तक्त्यातला 30 दाखवून ते म्हणाले की चाळीस काही फार नाही. मी त्यांना 2020-21 ची वही दाखवली. म्हटलं, “22 हा माझा अंदाज आहे, त्याचं वचन मी देत नाही. वचन वाईट वर्षातही पाळता येईल एवढ्याचंच देतो.” ते 24 वर आले, मी 14 वर गेलो, शेवटी 16 ठरलं, त्यात प्रात्यक्षिकाचं एक मशीन धरून. त्याला एक कलम जोडून घेतलं: तीन तालुक्यांपैकी दोन तालुक्यांत द्राक्ष पिकाचे नुकसानीचे पंचनामे करण्याचे सरकारी आदेश निघाले, तर त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी किमान आकडा निम्मा. ‘नैसर्गिक आपत्ती’ एवढंच लिहिलं असतं तर पुढे वाद झाला असता. पंचनाम्याचा आदेश हा कागद असतो, तो दाखवता येतो.

‘एकमेव’ या शब्दाचा अर्थ ठरवायलाच मग दोन तास लागले. कंपनीच्या पहिल्या मसुद्यात फक्त ‘दुसरा डीलर नेमणार नाही’ एवढं होतं. म्हणजे कंपनी स्वतः माझ्या भागात थेट विकायला मोकळी. मी ते बदलायला लावलं: कंपनी थेट विकणार नाही, आणि या तालुक्यांतून आलेली चौकशी दोन दिवसांत माझ्याकडे पाठवेल. त्यांनी दोन अपवाद मागितले आणि ते मला रास्त वाटले. एक, सरकारी निविदा आणि संस्थांची मोठी खरेदी. दुसरा, पुण्याच्या कृषी प्रदर्शनात झालेलं बुकिंग. प्रदर्शनातल्या बुकिंगचं बिल कंपनी करेल, पण मशीन पोचवणं आणि चालू करून देणं माझ्याकडे, आणि त्याचे चार टक्के मला.

शेजारच्या डीलरने भाव पाडून माझ्या गावात विकू नये यासाठी सगळ्यांना एकच किमान विक्री किंमत लावा, अशी माझी मागणी होती. आमच्या वकिलांनी मला थांबवलं. 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3(4) मध्ये पुनर्विक्रीची किंमत बांधणं आणि एकमेव वितरणाचा करार या दोन्हींचा उल्लेख आहे. असा करार आपोआप बेकायदा ठरत नाही, बाजारातल्या स्पर्धेला त्याने मोठी बाधा येते का हे पाहिलं जातं. तीन तालुक्यांच्या, बाजारात इतर बऱ्याच कंपन्या असलेल्या धंद्यात भाग वाटून घेण्याची काळजी नाही, पण किंमत बांधायचं कलम घालून नसता धोका कशाला घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय माझ्या गावचा शेतकरी स्वतःहून कोल्हापूरला जाऊन मशीन घेत असेल तर त्याला अडवणं मलाही योग्य वाटत नाही. म्हणून वेगळी वाट काढली. बाहेरच्या डीलरने माझ्या भागात प्रचार करायचा नाही, आणि बाहेरून आलेल्या मशीनची वॉरंटीतली सर्व्हिस मी केली तर कंपनी मला मशीनमागे 2,500 रुपये देईल. सावळजसारखी वेळ पुन्हा आली तर निदान मिस्त्रीची मजुरी निघेल.

करार संपल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कोणाचा ब्लोअर विकायचा नाही, असंही एक कलम मसुद्यात होतं. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे 1872 च्या कायद्याच्या, कलम 27 प्रमाणे करार संपल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही, हे वकिलांनी सांगितल्यावर कंपनीने ते काढलं. करार चालू असताना दुसरा ब्लोअर ठेवायचा नाही ही अट मी मान्य केली. हक्क मी मागतो तर निष्ठा त्यांनी मागावी, यात गैर काही नाही. त्या बदल्यात, करार संपला तर न विकलेली मशीन कंपनीने साठ दिवसांत बिलाच्या किमतीला परत घ्यायची, हे लिहून घेतलं. उधारीवर माल मात्र त्यांनी दिला नाही. तीन-तीन मशीनच्या खेपेने रोख उचलायचं ठरलं, त्यामुळे बारा लाख एकदम अडकले नाहीत.

ऑगस्टमध्ये प्रात्यक्षिकं सुरू झाली. सोळापैकी तेरा झाली, तीन पावसाने गेली. सोनीच्या प्रात्यक्षिकात आतले कागद पिवळेच राहिले. मिस्त्रीने ट्रॅक्टरचा वेग उतरवला, वरची दोन नोझल बंद करून बाजूची उघडली, पुन्हा फेरी मारली, आणि तिथल्या एका आजोबांनी तो निळा झालेला कागद डायरीत ठेवायला मागून घेतला. त्या गावात चार मशीन गेली. मार्च 2024 पर्यंत एकूण 19 विकली गेली, प्रात्यक्षिकाचं सोडून. माझ्या अंदाजापेक्षा तीन कमी, कराराच्या आकड्यापेक्षा चार जास्त. सप्टेंबरचा अंदाज 9 होता, प्रत्यक्षात 6 गेली, कारण बऱ्याच जणांनी छाटणी पुढे ढकलली. ऑक्टोबरचा 4 होता, तिथे 7 गेली. बाहेरून आलेली दोन मशीन सर्व्हिसला आली आणि त्यांचे 5,000 कंपनीने दिले.

एप्रिलमध्ये नूतनीकरणाच्या कागदाला मी याच फरकांचा तक्ता जोडला, महिन्याचा अंदाज एका रकान्यात, झालेली विक्री दुसऱ्यात आणि कारण तिसऱ्यात. हक्काची मुदत या वेळी दोन वर्षांची मिळाली, किमान 18 मशीन. जत अजून बाहेरच आहे. उमदीत एक तरुण मिस्त्री स्वतःचं गॅरेज काढतो आहे. आमच्या दुकानाचे सुटे भाग तिथे ठेवायला तो तयार झाला, तर पुढच्या पत्रात त्या 38 नावांची यादी पुन्हा जोडायची आहे.